देवगडच्या आंबा शेडमधलं अ‍ॅप: ताईंनी काय बांधलं आणि कुठे थांबावं लागलं

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार गटाच्या शेडमध्ये एकाच सकाळी दोन तक्रारी आल्या. पहिले बागायतदार मोबाइल पुढे धरून म्हणाले, "ताई, गेल्या पंधरवड्यातली पट्टी आता बदलता कशी?" दुसरे त्यांच्या मागेच उभे होते. त्यांचा आवाज खाली होता, पण राग जास्त होता. "माझो माल किती गेलो तां शेजाऱ्याक कसा कळला?"

दोन्ही तक्रारींचं मूळ एका अ‍ॅपमध्ये होतं आणि ते अ‍ॅप गटाच्या हिशोबनीस ताईंनी स्वतः बांधलं होतं. त्यांचं शिक्षण बी.कॉम. आहे, प्रोग्रामिंग त्या कधी शिकलेल्या नाहीत. गटाच्या चेअरमननी मला बोलावलं ते "हे बंद करायचं की ठेवायचं" एवढं सांगण्यासाठी. मी तीन दिवस तिथे होतो. त्या तीन दिवसांत काय सापडलं, ते हे प्रकरण.

आधी कामाचं स्वरूप. गटात ४३ बागायतदार आहेत. आंबा शेडवर येतो, मोजला जातो, प्रत निवडली जाते, खोक्यात भरला जातो आणि गाडीने वाशीला किंवा पुण्याला जातो. विक्री झाली की बागायतदाराला पट्टी मिळते: किती डझन, कोणत्या प्रतीला काय भाव, त्यातून गाडीभाडं आणि खोक्याचे पैसे वजा, हाती किती. पूर्वी हे लाल वहीत व्हायचं. एका नोंदीची वहीत, गाडीच्या यादीत आणि पट्टीवर अशी तीनदा नक्कल व्हायची आणि चूक बहुतेक तिसऱ्या नकलेत व्हायची.

ताईंनी अ‍ॅपशीट निवडलं. हे गुगलचं नो-कोड, म्हणजे प्रोग्राम न लिहिता अ‍ॅप बांधायचं साधन आहे, गुगलने ते २०२० मध्ये विकत घेतलं. निवडायचं कारण साधं, त्यांचा हिशोब आधीच गुगल शीटमध्ये होता. शीटमधला प्रत्येक टॅब अ‍ॅपमध्ये एक टेबल होतो, कॉलम पाहून फॉर्म आपोआप तयार होतो आणि मग सूत्रं घालत जायची. त्यांनी चार टेबलं केली: बागायतदार, गाडी, नोंद आणि दर. नोंदीला बागायतदार आणि गाडी जोडलेली. होळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत, संध्याकाळी शेड बंद झाल्यावर बसून, त्यांनी हे पुरं केलं.

आणि ते चांगलं होतं, हे आधी लिहायला हवं. शेड बागेच्या खालच्या अंगाला आहे, तिथे रेंज येत नाही. मोजणीवाला मुलगा फोनवर नोंदी घालत राहतो, त्या फोनमध्येच रांगेत थांबतात आणि तो चहाला वर सड्यावर गेला की सिंक होतात. सिंकच्या चिन्हावर उरलेल्या नोंदींचा आकडा दिसतो, त्यामुळे काही राहिलं का ते कळतं. असं अ‍ॅप एखाद्या प्रोग्रामरकडून लिहून घ्यायचं तर या ऑफलाइन भागालाच सर्वांत जास्त वेळ आणि पैसा गेला असता. इथे तो तयार मिळाला.

रेंज नसल्याचा एक फटका मात्र त्यांना मार्चमध्येच बसला होता. पावती क्रमांकासाठी त्यांनी "आजवरचा सर्वांत मोठा क्रमांक अधिक एक" असं सूत्र घातलं होतं. दोन फोन एकाच वेळी ऑफलाइन असले की दोघांनाही आजवरचा मोठा क्रमांक ११७ च दिसतो, आणि दोघेही ११८ देतात. त्यांनी ते स्वतःच ओळखलं आणि स्वतःच सोडवलं. पावती क्रमांक छापील पावती पुस्तकातून घ्यायचा, आणि नोंदीची खरी ओळख म्हणून `UNIQUEID()` ने तयार होणारा आठ अक्षरांचा कोड ठेवायचा. माझ्या मते हा इंजिनिअरला शोभणारा निर्णय आहे. छापील पुस्तक सोडून सगळं "डिजिटल" करण्याचा मोह त्यांना झाला नाही.

आता पहिली तक्रार. त्या बागायतदारांचा १२ एप्रिलचा माल ३० डझन होता: पहिल्या प्रतीचे १८ डझन ९०० रुपयांनी, दुसऱ्या प्रतीचे १२ डझन ६५० रुपयांनी. एकूण २४,००० रुपये. गाडीभाडं डझनाला २२ रुपयांप्रमाणे ६६०, खोकी डझनाला ३५ प्रमाणे १,०५०. हाती २२,२९०. ही रक्कम त्यांच्या खात्यात जमाही झाली. २१ एप्रिलला गाडीवाल्याने भाडं २७ रुपये केलं आणि ताईंनी दर टेबलातला आकडा बदलला. त्यानंतर अ‍ॅपमध्ये १२ एप्रिलची पट्टी २२,१४० रुपये दाखवू लागली. दीडशे रुपये कमी. बागायतदारांना वाटलं, आता गट हे दीडशे पुढच्या पट्टीतून कापून घेणार.

भाड्याचा कॉलम असा होता:

```
[Dozen] * LOOKUP("Bhade", "Dar", "Baab", "Rakkam")
```

सूत्रात चूक नाही. चूक ते कुठे ठेवलं त्यात आहे. ते व्हर्च्युअल कॉलममध्ये होतं. असा कॉलम शीटमध्ये लिहिलाच जात नाही, दर सिंकला नव्याने मोजला जातो. म्हणून आजचा दर मार्चच्या पहिल्या पेटीलाही लागतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. अ‍ॅपमध्ये दिसणारी रक्कम शीटमध्ये शोधा. तिथे तो कॉलमच नसेल, तर ती रक्कम नोंदलेली नाही, आत्ता काढलेली आहे. शिल्लक माल किंवा महिन्याची बेरीज दाखवायला असं चालतं. दिलेल्या पट्टीला चालत नाही.

ताईंनी आधी एक दुरुस्ती करून पाहिली होती. कॉलम शीटमध्ये खरा केला, पण सूत्र "अ‍ॅप फॉर्म्युला" या जागी ठेवलं. याने जुन्या पट्ट्या हलायच्या थांबल्या, पण एखाद्या जुन्या नोंदीत नावाचं शुद्धलेखन जरी सुधारलं तरी ती नोंद नव्या दराने पुन्हा मोजली जाऊ लागली. हे जास्त वाईट, कारण आता सगळ्या पट्ट्या न बदलता इकडची एक, तिकडची एक बदलते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

योग्य जागा "इनिशियल व्हॅल्यू" ही होती. आम्ही नोंदीत `BhadeDar` असा खरा कॉलम घेतला. दर शोधणारं सूत्र त्याच्या इनिशियल व्हॅल्यूत घातलं, तो कॉलम हाताने बदलता येणार नाही असा केला आणि रक्कम `[Dozen] * [BhadeDar]` अशी काढली. नोंद होताना दर एकदा लिहिला जातो आणि तिथेच राहतो. याचा एक त्रास असा की इनिशियल व्हॅल्यू आधीच्या ओळींना लागत नाही. कागदी पट्ट्या समोर घेऊन जुन्या ओळींमधला दर शीटमध्ये हाताने भरावा लागला. एक दुपार गेली. शिवाय २० तारखेच्या मालाची नोंद २३ ला केली तर तिला नवा दर लागेल, हे ताईंनीच दाखवून दिलं. म्हणून दर टेबलात "पासून" आणि "पर्यंत" अशा तारखा आल्या आणि दर आज कोणता आहे यावर न ठरता मालाच्या तारखेवर ठरू लागला.

दुसरी तक्रार गंभीर होती.

अ‍ॅप दहा जणांकडे होतं: शेडवरचे तिघे आणि "करून बघू" म्हणून निवडलेले सात बागायतदार. दहाच का, तर अ‍ॅप प्रोटोटाइप अवस्थेत असेपर्यंत चाचणीसाठी दहा जण फुकट वापरू शकतात. प्रत्येकाला स्वतःचाच माल दिसावा म्हणून ताईंनी "स्लाइस" केली होती, म्हणजे नोंद टेबलाचा गाळलेला भाग, ज्यात ईमेल जुळणाऱ्या ओळीच येतात. पडद्यावर ते बरोबर दिसत होतं. सातही बागायतदार आपापल्या याद्या बघून खूश होते.

मग एकाने आपली गाडी वाशीला पोचली का ते पाहायला नोंदीतल्या गाडी क्रमांकावर बोट ठेवलं. गाडीचं पान उघडलं. त्या पानाच्या खाली, ताईंनी कधीच न बनवलेली एक यादी होती: `Related Nondis`. नोंद टेबल गाडीला जोडलं की अ‍ॅपशीट उलटी यादीही आपोआप करतं, "या गाडीतल्या सगळ्या नोंदी". ही यादी स्लाइसमधून न येता मूळ टेबलातून येते. त्यामुळे त्या गाडीत कोणाचे किती डझन होते आणि कोणाला काय भाव मिळाला, ते सगळं तिथे होतं. ज्यांना बाजार ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको की शेजाऱ्याच्या दुसऱ्या प्रतीला आपल्यापेक्षा ८० रुपये जास्त मिळाले हे कळल्यावर गटात काय होतं.

ती यादी लपवणं एका मिनिटाचं काम होतं. पण यादी लपवणं हा उपाय नव्हे. स्लाइस असो वा कॉलम लपवणारी अट, दोन्ही काम फोनवर होतं, आणि तोवर सगळ्या ओळी त्या फोनमध्ये पोचलेल्या असतात. आज गाडीच्या पानातून वाट फुटली, उद्या दुसरं टेबल जोडलं की तिसरी फुटेल. ओळ फोनवर जायलाच नको असेल तर "सिक्युरिटी फिल्टर" लागतो. तो सर्व्हरवर, डेटा निघण्याआधी लागतो. नोंद टेबलाला आम्ही हा लावला:

```
OR(
  [BagayatdarID].[Email] = USEREMAIL(),
  IN(USEREMAIL(), Karyalay[Email])
)
```

यात `USEREMAIL()` हा अ‍ॅप उघडणाऱ्याचा ईमेल. म्हणजे स्वतःच्या ओळी स्वतःला, आणि कार्यालयाच्या यादीतल्यांना सगळ्या. तसाच फिल्टर बागायतदार टेबलालाही लावला, कारण फोन नंबर तिथे होते. तपासायला एडिटरमध्येच सोय आहे: दुसऱ्याचा ईमेल घालून अ‍ॅप त्याच्या नजरेने बघता येतं. आम्ही सातही ईमेल घालून प्रत्येक पानावर आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहिलं. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते मनापासून करणारा माणूसच लागतो. ताईंनी ते वहीत खुणा करत केलं.

एवढं झाल्यावर चेअरमन म्हणाले, "मग झालां मा?" नव्हतं झालं. मूळ शीट सातही बागायतदारांना शेअर केलेलं होतं, तेही बदल करण्याच्या अधिकारासह. ताईंचा समज असा होता की शीट शेअर केल्याशिवाय अ‍ॅप चालणार नाही. प्रत्यक्षात अ‍ॅपशीट ठरवून वेगळं सांगितलं नाही तर अ‍ॅप बनवणाऱ्याच्या खात्यातूनच शीट वाचतं आणि लिहितं. वापरणाऱ्याला शीटचा अधिकार लागत नाही. आपण दाराला कुलूप लावत होतो आणि मागची भिंतच नव्हती. कोणा बागायतदाराने शीटमध्ये थेट बदल केला असं इतिहासात दिसलं नाही, हे नशीब.

ही चूक शेडमधल्या माणसांनाच होते असं समजू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा संस्थेने जाहीर केलं की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्स पोर्टल्सवर बांधलेल्या साइट्समधून ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही वाचता येतील अशा उघड्या होत्या. त्यात अमेरिकेतली सरकारी खाती आणि मोठ्या कंपन्या होत्या. घुसखोरी झाली नव्हती. याद्या बाहेर वाचू देणारी सोय चालू होती आणि टेबलावरची परवानगीची सेटिंग लावलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टने नंतर मूळ सेटिंगच बदलली. आमच्या `Related Nondis` ची ती मोठी बहीण.

फिल्टर लावून झाल्यावर एक प्रश्न उरला, ज्याला सूत्रात उत्तर नाही. `USEREMAIL()` म्हणजे कोण? सातपैकी तिघांच्या फोनमध्ये गुगल खातं मुलाचं किंवा पुतण्याचं होतं. एका घरात बाग दोन भावांच्या सामाईक नावावर, आणि फोनमधलं खातं मुंबईत राहणाऱ्या थोरल्याच्या मुलाचं. त्या ईमेलला पट्टी दाखवायची म्हणजे धाकट्याच्या घरचा हिशोब मुंबईला जाणार. हा निर्णय हिशोबनीस ताईंनी एकटीने घ्यायचा नाही, मी तर नाहीच नाही. चेअरमनना हे पटलं तेव्हा "बंद की चालू" हा प्रश्न मागे पडला आणि कोणी काय ठरवायचं याची चर्चा सुरू झाली.

कारण तोवर आणखी दोन गोष्टी सापडल्या होत्या. बागायतदार टेबलात आधार कार्डाच्या फोटोचा कॉलम होता. का, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "सगळ्या फॉर्मांत असतो ना, म्हणून ठेवला." बँक खात्याचे क्रमांकही होते. आणि हे सगळं ताईंच्या खाजगी जीमेल खात्यात. तिथल्या फुकट १५ जीबीत वजनपावत्यांचे फोटो, त्यांच्या भावाच्या लग्नाचे फोटो आणि दहा वर्षांचे मेल एकत्र राहत होते. जागा संपत आली होती, संपली असती तर ऐन हंगामात फोटोसकटच्या नोंदी अडकल्या असत्या. त्याहून मोठी गोष्ट ही की उद्या त्यांनी नोकरी सोडली, तर गटाचा हिशोब त्यांच्यासोबत गेला असता, आणि तो देण्याची जबाबदारी विनाकारण त्यांच्या गळ्यात पडली असती.

मोठ्या कंपनीत यासाठी आयटी विभाग असतो. पॉवर अ‍ॅप्स ज्यात येतं त्या मायक्रोसॉफ्टच्या पॉवर प्लॅटफॉर्ममध्ये तर प्रशासक कोणत्या सेवा एकमेकींना जोडता येतील याचे गट पाडून ठेवतो, आणि कामाची माहिती खाजगी सेवेत नेणारं अ‍ॅप चालतच नाही. आमच्याकडे प्रशासक म्हणजे चेअरमन आणि एक ठरावाची वही. म्हणून अर्ध्या पानाचा ठराव झाला. फॉर्म, याद्या, पडदे, मोजणीचे अहवाल ताईंनी हवे तसे बदलावेत, कोणाला विचारायची गरज नाही. पट्टीच्या रकमेला हात लावणारं सूत्र बदलायचं असेल तर आधी पाच जुन्या पट्ट्या नव्या सूत्राने काढून कागदाशी ताडायच्या आणि खजिनदारांची सही घ्यायची. आणि नवीन माणसाला प्रवेश, नवी व्यक्तिगत माहिती किंवा बाहेरच्या सेवेला जोडणी, हे फक्त कार्यकारिणी ठरवेल. आधारचा कॉलम फोटोंसकट काढला. बँक खाती अकाउंटिंगच्या संगणकावरच राहतील. अ‍ॅप रक्कम काढेल, पैसे मात्र दोन सह्यांनीच जातील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आहे की माहिती कोणाच्या सर्व्हरवर आहे याने फरक पडत नाही, जी संस्था ती कशासाठी वापरायची हे ठरवते तिच्यावर जबाबदारी राहते. चेअरमननी ती ओळ ठरावात लिहायला लावली.

अ‍ॅप गटाच्या नावाने घेतलेल्या सशुल्क गुगल वर्कस्पेस खात्यावर हलवलं. शीट आणि फोटोंचा फोल्डर आधी त्या खात्याकडे नेला, अ‍ॅपची मालकी नंतर. मग अ‍ॅप रीतसर डिप्लॉय केलं, म्हणजे प्रोटोटाइप अवस्थेतून बाहेर काढलं. तेव्हा ताईंचं एक जुनं कोडंही सुटलं. पट्टीचा ईमेल बागायतदाराला जावा असं ऑटोमेशन त्यांनी मार्चमध्येच केलं होतं, पण प्रत्येक पट्टी त्यांच्याच इनबॉक्समध्ये येत होती. अ‍ॅप प्रोटोटाइप असताना ईमेल फक्त बनवणाऱ्यालाच जातात. त्या दोन महिने सूत्रात चूक शोधत होत्या.

आणखी एक बारीक दुरुस्ती केली, ती ऑडिटरसाठी. अ‍ॅप मालकाच्या खात्यातून लिहितं, त्यामुळे शीटच्या इतिहासात प्रत्येक बदल मालकाच्याच नावावर दिसतो. मोजणीवाल्या मुलाने चूक केली तरी नाव ताईंचं. म्हणून नोंदीत `USEREMAIL()` ने भरणारा "नोंद कोणी केली" असा कॉलम आणि बदलाची वेळ आपोआप टिपणारा कॉलम जोडला.

सात बागायतदारांच्या फोनवरून अ‍ॅप शेवटी काढलं. फिल्टर बरोबर होता तरी काढलं. अ‍ॅप गटाच्या कामाच्या माणसांकडेच ठेवायचं आणि बागायतदारांना पट्टी पीडीएफमध्ये द्यायची, असं कार्यकारिणीने ठरवलं. घरातल्या कोणत्या नंबरवर किंवा ईमेलवर पाठवायची ते बागायतदाराने, आणि सामाईक बागेत सर्व हिस्सेदारांनी, कागदावर सही करून सांगायचं. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो सर्वांना आवडला नाही. पट्टी बदलल्याची तक्रार घेऊन आलेले ते पहिले बागायतदारच आता म्हणतात, "माका अ‍ॅप परत व्हया, कागदाक कोण वाट बघता?"

ताईंचा पुढचा अर्ज वहीत नोंदवला आहे: पीडीएफ हाताने न पाठवता व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप जावी. त्यासाठी मध्ये एक बाहेरची सेवा लागते आणि ४३ घरांचे नंबर तिच्याकडे द्यावे लागतात. ताई म्हणतात जोडणी त्यांनी करून पाहिली आहे, स्वतःच्या नंबरवर, आणि ती चालते. ठरावाप्रमाणे हा विषय कार्यकारिणीचा आहे आणि तो पुढच्या बैठकीत येईल. तोवर पट्ट्या रोज संध्याकाळी शेड बंद झाल्यावर एक एक करून जातात.